सगळ्या रकान्यांत ‘ठीक’, तरी पंप जाम: एका हायड्रॉलिक प्रेसचे देखभाल वेळापत्रक पुन्हा मांडताना

हे प्रकरण एका २०० टनी हायड्रॉलिक प्रेसचे आहे. आकडे नमुन्यादाखल घेतलेले आहेत. पण जिथे अशी प्रेस दोन शिफ्ट चालते, तिथे ते थोड्याफार फरकाने असेच दिसतील. महिन्याला साधारण ४०० तास काम. टाकीत ६०० लिटर व्हीजी ४६ तेल. ३० किलोवॅटची मोटर, तिला जोडलेला मिनिटाला ८० लिटर तेल देणारा पिस्टन पंप आणि २०० बारचा कामाचा दाब. तेल थंड करायला पाण्यावर चालणारा कूलर.

दुसऱ्या शिफ्टमध्ये पंप जाम झाला. नवा पंप येईपर्यंत प्रेस चार दिवस बंद राहिली आणि पुढची जोडणीची लाईनही अडली. देखभालीची फाईल उघडली तेव्हा आधीच्या महिन्याचे पत्रक पूर्ण भरलेले निघाले. २८ ओळी, २८ टिका, खाली दोन सह्या.

पंप खोलल्यावर व्हॉल्व्ह प्लेटवर गोलाकार ओरखडे होते आणि पिस्टनच्या बुटांचे पितळ झिजलेले होते. मग उलट दिशेने शोध सुरू झाला. टाकीवरचा ब्रीदर धुळीने बुजलेला होता. सिलिंडर तेल घेतो तेव्हा टाकीतली पातळी उतरते आणि तेवढी हवा ब्रीदरमधून आत यावी लागते. ती येईना, म्हणून टाकीत किंचित निर्वात तयार होऊन पंपाला तेल ओढणे जड जात होते. तेलात बुडबुडे बनून दाबाखाली फुटत होते आणि धातूचे कण सुटत होते. ते कण अडवायला रिटर्न फिल्टर होता, पण तोही तुंबलेला. फिल्टर तुंबला की त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच टाकीत परत जाते. त्याचा इंडिकेटर लाल झालेला होता. तापमान ६६ अंश होते, कारण कूलरच्या नळ्यांत क्षार बसले होते. तापलेले तेल पातळ होते आणि पातळ तेलाचा थर झिजणाऱ्या पृष्ठभागांना वेगळे ठेवू शकत नाही.

यातली एकही गोष्ट एका रात्रीत घडलेली नाही. ब्रीदर महिनोन्‌महिने बुजत गेला, कूलर त्याहून सावकाश, आणि लाल इंडिकेटर तर जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसत होता. मग पत्रकाने काय पाहिले? त्यातल्या ओळी अशा होत्या: ‘हायड्रॉलिक सिस्टीम तपासा’, ‘फिल्टर तपासा’, ‘तेल तपासा’. या ओळींना उत्तर म्हणून टीक सोडून दुसरे काही लिहिता येत नाही. फिटरने टाकीजवळ उभे राहून तेल आहे हे पाहिले आणि टीक केली. त्याच्या बाजूने ते खोटे नव्हते. दोष ओळीचा होता. काय बघायचे, कुठे बघायचे आणि कोणत्या आकड्याला ‘बिघडले’ म्हणायचे, हे त्या ओळीत नव्हते.

ओळ लिहिण्याआधी बिघाड लिहिला

नव्या पत्रकाची सुरुवात यंत्राच्या भागांची यादी करून झाली नाही. आधी मशीनचे हिस्ट्री कार्ड आणि स्टोअरमधून निघालेल्या सुट्या भागांची नोंद शेजारी ठेवली. मशीन कशाने थांबली ते हिस्ट्री कार्ड सांगते. मशीन न थांबता गुपचूप काय बदलले गेले ते स्टोअरची नोंद सांगते. कपलिंगचे रबरी स्पायडर वर्षात तीनदा निघालेले होते आणि हिस्ट्री कार्डवर त्याचा एकदाच उल्लेख होता. म्हणजे मोटर आणि पंप एका रेषेत नव्हते, आणि पहिल्या-दुसऱ्या शिफ्टच्या मधल्या वेळेत स्पायडर बदलून काम भागवले जात होते.

प्रत्येक बिघाडापुढे तीन प्रश्न ठेवले. त्याची पहिली खूण कोणती? ती खूण दिसल्यापासून भाग जाईपर्यंत किती वेळ मिळतो? आणि ती खूण कोणाला, मशीन न थांबवता, दिसू शकते? वारंवारता दुसऱ्या प्रश्नातून ठरते. तपासणीचे अंतर त्या मिळणाऱ्या वेळेच्या निम्म्याहून जास्त नसावे, म्हणजे एक तपासणी हुकली तरी दुसरी खूण पकडते. जुन्या पत्रकात सगळेच ‘मासिक’ होते, कारण फाईल महिन्याची होती. मला वाटते बहुतेक कारखान्यांत वारंवारता अशीच ठरते, आणि पत्रक निकामी होण्याचे ते मोठे कारण आहे.

चार ओळी कशा बनल्या ते जरा सविस्तर सांगतो.

पहिली, तेलाचे तापमान. थंड मशीनवर घेतलेला आकडा काहीच सांगत नाही, म्हणून ओळीतच लिहिले: शिफ्ट सुरू होऊन दोन तास झाल्यावर. ४० ते ५५ अंश ठीक, ६० ला मेंटेनन्सला कळवायचे, ७० ला प्रेस थांबवायची. ६० च्या वर प्रत्येक १० अंशांमागे तेलाचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे, आणि ८० च्या पुढे रबरी सील कडक पडू लागतात. तापमापकाची काच धुरकट होती. ती बदलली आणि डायलवर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे रंगवले. आकडा वाचता न येणारे गेज पत्रकात घालण्यात अर्थ नाही.

दुसरी, रिटर्न फिल्टरचा इंडिकेटर. फिल्टर स्वच्छ असल्यापासून तुंबेपर्यंत या प्रेसवर तीन महिने जातात. तेवढ्यावरून महिन्याला एकदा बघणे पुरेसे वाटेल. पण पंप आतून झिजू लागला तर तोच फिल्टर दोन-चार दिवसांत भरतो, आणि नेमकी तीच वेळ पकडायची आहे. पाहायला काही सेकंद लागतात, म्हणून प्रत्येक शिफ्टला. इथे एक बारकावा आहे. सकाळी गार तेल घट्ट असते, ते फिल्टरमधून जड जाते आणि इंडिकेटर खोटा लाल दाखवतो. दोन-चार वेळा असा खोटा लाल दिसला की ऑपरेटर खऱ्या लालकडेही पाहत नाही. म्हणून इंडिकेटरही तापमानाबरोबरच, तेल गरम झाल्यावर वाचायचा.

तिसरी, पंपाची केस-ड्रेन गळती. पिस्टन पंपात थोडे तेल फटींतून बॉडीत झिरपते आणि वेगळ्या नळीने टाकीत परत जाते. पंप झिजला की हे झिरपणे वाढते. पंपाची तब्येत सांगणारी यापेक्षा चांगली खूण मला माहीत नाही. नवा पंप बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात मोजमाप घेतले: २०० बार दाब, तेल ५० अंश, मिनिटाला २ लिटर. हा पाया. ४ लिटर झाले की पंप मागवायचा, ६ झाले की पुढच्या सुट्टीत बदलायचा. झीज महिन्यांत वाढते, म्हणून मासिक. मोजताना दाब आणि तापमान दर वेळी तेच हवे, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. केस-ड्रेनची नळी पंप चालू असताना क्षणभरही बंद करायची नाही. बॉडीत दाब चढून शाफ्टचे सील बाहेर येते. म्हणून मोजण्यासाठी कायमचा फ्लो मीटर बसवला आणि त्या लाईनवर बंद होणारा एकही व्हॉल्व्ह ठेवला नाही.

चौथी, मोटरचे ग्रीस. जुन्या पत्रकात ‘ग्रीस मारा’ होते आणि फिटर निपलभोवती ग्रीस दिसेपर्यंत गन दाबत असे. जास्त ग्रीस घुसळले जाऊन तापते आणि बेअरिंग त्यानेच जाते. किती घालायचे याचे साधे सूत्र आहे: बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. या मोटरला ६३१२ बेअरिंग आहे, व्यास १३० आणि रुंदी ३१. म्हणजे २० ग्रॅम. गन एका दाबात किती ग्रीस देते ते दहा दाब कागदावर काढून वजन करून ठरवले; एका दाबाला १ ग्रॅम भरले. ओळ झाली: ‘२० दाब, निचऱ्याचे बूच उघडून, मोटर चालू ठेवून, फिरत्या भागांवरचे गार्ड जागेवर असताना’. ग्रीसचा प्रकारही ओळीत नेमून दिला, कारण पॉलियुरिया आणि लिथियम ग्रीस मिसळले की अनेकदा पातळ होऊन वाहून जाते.

वेळापत्रक

बाकीच्या ओळी याच पद्धतीने बनल्या. २८ च्या जागी १३ राहिल्या.

| काय पाहायचे किंवा करायचे | केव्हा | कोण | मर्यादा | ओलांडली तर |
|---|---|---|---|---|
| इमर्जन्सी स्टॉप, दोन हातांची बटणे, लाईट कर्टन | प्रत्येक शिफ्टच्या आधी | ऑपरेटर, सुपरवायझरची सही | प्रत्येक वेळी रॅम थांबलाच पाहिजे | प्रेस चालवायची नाही |
| तेलाचे तापमान | प्रत्येक शिफ्ट, दोन तासांनी | ऑपरेटर | ६० अंश | कळवा; ७० ला थांबवा |
| रिटर्न फिल्टर इंडिकेटर | प्रत्येक शिफ्ट, तेल गरम असताना | ऑपरेटर | लाल नको | त्याच दिवशी फिल्टर बदल |
| तेलाची पातळी, रॅम वर असताना | प्रत्येक शिफ्ट | ऑपरेटर | काचेवरच्या दोन खुणांमध्ये | गळती शोधून मग भरा |
| पंपाचा आवाज, तेलावर फेस | प्रत्येक शिफ्ट | ऑपरेटर | खडे वाजल्यासारखा आवाज किंवा फेस नको | लगेच फिटरला बोलवा |
| होज आणि जोड: ओल, घासणे, फुगवटा | आठवडा | फिटर | कोणतीही ओल किंवा उघडी तार नको | होज बदल |
| कूलर: तेल आत आणि बाहेर, पाणी आत | आठवडा | फिटर | तेलात किमान ६ अंशांची उतार | कूलर सफाईची तारीख ठरवा |
| केस-ड्रेन गळती | महिना | फिटर | ४ लिटर | पंप मागवा; ६ ला बदला |
| मोटर आणि पंपाचे कंपन | महिना | मेंटेनन्स इंजिनीअर | सेकंदाला २.८ मिमी | कपलिंगची रेषा तपासा |
| ब्रीदर बदल | तीन महिने | फिटर | ठरलेला बदल | – |
| मोटर बेअरिंग ग्रीस | तीन महिने | फिटर | २० ग्रॅम | – |
| तेलाचा नमुना: स्वच्छता, पाणी, घट्टपणा | तीन महिने | मेंटेनन्स इंजिनीअर | आयएसओ ४४०६ नुसार १८/१६/१३ | फिल्टर कार्टने गाळा |
| पॅनेलमधील टर्मिनल, कॉन्टॅक्टर, अर्थिंग | सहा महिने | इलेक्ट्रिशियन | ठरलेला टॉर्क. जळकी खूण नको | बदल |

कंपनाची २.८ ही मर्यादा या क्षमतेच्या आणि पक्क्या पायावर बसवलेल्या मोटरसाठी आयएसओच्या मानकातली आहे. ती ओलांडली की यंत्र दीर्घकाळ चालवायला योग्य मानत नाहीत. मोटर लवचीक पायावर असेल तर मर्यादा वेगळी असते.

ज्या कामाला हत्यार लागते किंवा जे मशीन थांबवून होते, ते ऑपरेटरकडे दिले नाही. त्याच्याकडे डोळे, कान आणि रोजची सवय आहे, आणि आवाजातला फरक त्याला फिटरच्या आधी कळतो. फिटरच्या प्रत्येक थांबवून करायच्या कामाआधी तीन गोष्टी छापल्या: मेन स्विचला स्वतःचे कुलूप, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, आणि गेजवर दाब शून्य. मोटर बंद केली म्हणजे दाब गेला असे नसते, आणि रॅमचे वजन व्हॉल्व्हवर तोललेले असताना कोणी खाली हात घालू नये.

पहिल्या ओळीबद्दल एक स्पष्ट करायला हवे. सुरक्षेच्या तपासण्या खुणांच्या हिशेबात बसवल्या नाहीत. वर्षभर एकदाही दोष सापडला नाही म्हणून बाकीच्या ओळींचे अंतर वाढवता येते, या ओळीचे नाही.

नोंदपत्रक

पत्रक एका आठवड्याचे, एका पानाचे, प्रेसच्या खांबावर पाटीला लावलेले. ऑफिसातल्या फाईलमध्ये ठेवलेले पत्रक शिफ्टच्या शेवटी आठवून भरले जाते. ऑपरेटरचा भाग असा:

| तारीख, शिफ्ट | तास मीटर | तापमान | इंडिकेटर | पातळी | आवाज, फेस | सुरक्षा | शेरा | काम क्रमांक | सही |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| ४, पहिली | १२,४१८ | ५२ | हिरवा | मध्य | नाही | झाली | – | – | |
| ४, दुसरी | १२,४२६ | ५४ | हिरवा | मध्य | नाही | झाली | – | – | |
| ५, पहिली | १२,४३४ | ५३ | हिरवा | खालच्या खुणेजवळ | नाही | झाली | डाव्या होजच्या जोडाला ओल | ११७ | |

तास मीटरचा रकाना वेळ घालवणारा वाटतो, पण फिल्टर किती तास टिकला हे त्यावरूनच कळते. तारखेवरून कळत नाही, कारण ऑर्डर कमी असताना मशीन अर्धा वेळ उभी असते. प्रत्येक मोजमापाच्या रकान्यात आकडाच लिहायचा. ‘ठीक’ फक्त तिथे चालते जिथे आकडा नसतो.

पहिल्या सहा महिन्यांत काय झाले

दुसऱ्या महिन्यात सुपरवायझरला दिसले की सलग बऱ्याच शिफ्टमध्ये तापमान ५२ आहे. तेलाचे तापमान काम आणि हवा यांनुसार दोन-तीन अंश हलतेच. सरळ रेषेत आलेला आकडा वाचलेला नसतो. त्यावर कोणाला नोटीस दिली नाही. सुपरवायझरने आठवड्यातून एका शिफ्टला स्वतः आकडा वाचून शेजारी लाल शाईने लिहायला सुरुवात केली. आठवड्याभरात आकडे हलू लागले.

त्याहून गंभीर गोष्ट नंतर निघाली. एका ऑपरेटरने दोनदा ६१ आणि ६२ लिहिले होते. कोणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने ५८ लिहिले. विचारल्यावर तो म्हणाला, “साहेब, लिहून काही होत नाही म्हटल्यावर लिहायचं कशाला?” माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा क्षण हाच. तपासणी करणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर सगळे बोट ठेवतात, पण तो प्रामाणिकपणा मर्यादा ओलांडल्यावर मिळणाऱ्या उत्तरावर टिकतो. ‘काम क्रमांक’ हा रकाना त्यानंतर आला. मर्यादेबाहेरचा आकडा लिहिला की त्याच शिफ्टमध्ये मेंटेनन्सने तिथे क्रमांक घालायचा. काम लगेच करायचे नसेल तर कधी करणार ती तारीख लिहायची. रिकामा रकाना दिसला की प्रश्न ऑपरेटरला नाही, मेंटेनन्स इंजिनीअरला.

चौथ्या महिन्यात पत्रकाने पहिला बिघाड पकडला. आठवड्याचे सरासरी तापमान ५१ वरून ५२, मग ५५, मग ५७ झाले. तापमानाचा एकही आकडा मर्यादेबाहेर नव्हता. हवा तापली असेल असे म्हणून सोडून देता आले असते, पण कूलरच्या ओळीत पाणी आत येतानाचे तापमानही लिहिलेले होते आणि ते बदललेले नव्हते. तेलाची कूलरमधली उतार मात्र ९ अंशांवरून ५ वर आली होती. पाणी तेवढेच थंड, तेल आधीपेक्षा जास्त गरम, तरी उष्णता निघत नाही. म्हणजे नळ्यांत पुन्हा क्षार. रविवारी कूलर उघडून साफ केला, तापमान ५१ वर परत आले. उत्पादनाचा एक तासही गेला नाही.

उलट दिशेचाही एक धडा मिळाला, आणि तो पत्रकात कमी करण्याचा होता. पंप गेल्यावर घाबरून सक्शन स्ट्रेनर दर महिन्याला काढून धुण्याचे ठरले होते. त्यासाठी टाकीचे झाकण उघडावे लागे. दोन महिन्यांनी तेलाच्या नमुन्यात कण वाढलेले निघाले. झाकण उघडे असताना धूळ आत जात होती आणि स्ट्रेनर प्रत्येक वेळी स्वच्छच निघत होता. ती ओळ काढून टाकली. त्याऐवजी पंपाच्या तोंडाशी निर्वात दाखवणारे गेज बसवले. झाकण न उघडता स्ट्रेनर तुंबला का ते त्यावर दिसते. तेल भरण्याबाबतही नियम झाला. नवे तेल ड्रममधून येते म्हणून ते स्वच्छ असेलच असे नाही. प्रेसला लागते त्यापेक्षा ते बहुधा मळकट असते. म्हणून फिल्टर कार्टमधूनच भरायचे, डब्याने नाही.

वेळेच्या पाळणुकीत थोडी सवलत ठेवली. मासिक काम ठरलेल्या दिवसाच्या तीन दिवस आगेमागे झाले तर वेळेवर धरायचे. ही मुभा नसेल तर उत्पादन विभाग आणि मेंटेनन्स दर महिन्याला भांडतात आणि शेवटी काम न करता सही होते. पण एकदा उशीर झाला म्हणून पुढची तारीख सरकवायची नाही; तसे केले की बारा महिन्यांत दहाच तपासण्या होतात आणि कागदावर सगळे वेळेवर दिसते.

सहा महिन्यांनी ओळींचा फेरआढावा घेतला. ब्रीदर तीन महिन्यांनी बदलताना अर्धाच मळलेला दिसत होता, तरी अंतर वाढवले नाही, कारण तो स्वस्त आहे आणि शेजारच्या ग्राइंडिंगची धूळ कधी वाढेल याचा नेम नाही. कंपनाचे आकडे मात्र मोटर-पंपाची रेषा नीट केल्यावर १.१ च्या आसपास स्थिर राहिले आणि स्पायडर एकदाही निघाले नाही. ती तपासणी दोन महिन्यांवर नेली.

काही बिघाड या पत्रकाच्या आवाक्यात येतच नाहीत. प्रपोर्शनल व्हॉल्व्हचे इलेक्ट्रॉनिक कार्ड जाण्याआधी कोणतीही खूण देत नाही. आज चालते, उद्या चालत नाही. त्याच्यासाठी ‘कार्ड तपासा’ अशी ओळ घालणे म्हणजे पुन्हा जुन्या पत्रकाकडे जाणे. त्याऐवजी एक कार्ड सेटिंग करून स्टोअरमध्ये ठेवले, त्याच्या सेटिंगचे आकडे पॅनेलच्या दाराला आतून चिकटवले आणि बदलायला लागणारा वेळ इलेक्ट्रिशियनकडून एकदा मोजून घेतला: २५ मिनिटे.